सलग अंकांची फोड

औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे महिन्यातून एकदा तरी अशी यादी येते. पुरवठादाराने माल पाठवलेला असतो, सोबत एक्सेलची फाइल असते आणि तिच्या ‘बॅच नंबर’ या रकान्यात एकाच चौकटीत अंकांची लांबलचक रांग बसलेली असते. मध्ये ना जागा, ना स्वल्पविराम, ना रेघ. पाच खोक्यांचे पाच बॅच नंबर एकमेकांना चिकटून एकच चाळीस अंकी संख्या झालेली असते.

हे बहुधा हातातल्या स्कॅनरमुळे होते. बारकोड वाचणारा साधा स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. त्याने वाचलेले अंक जणू कोणी टाइप केले असावेत तसे पडद्यावर उमटतात. प्रत्येक स्कॅननंतर त्याने स्वतःहून ‘एंटर’ दाबावे अशी सोय त्यात असते, पण ती सेटिंग बंद असली तर दुसऱ्या खोक्याचे अंक पहिल्याच्या शेपटीला जाऊन लागतात. गोदामातला माणूस खोक्याकडे बघत असतो, पडद्याकडे नाही. दहा मिनिटांनी सगळी गंमत एका चौकटीत गोळा झालेली असते.

ही रांग फोडणे दिसायला सोपे. प्रत्येक नंबर आठ अंकी आहे हे ठाऊक असेल तर आठ-आठ अंकांवर कापायचे, झाले. पण बॅच नंबर ही औषधाच्या बाबतीत शोभेची गोष्ट नव्हे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात न उतरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते, ती बॅच नंबरनुसार. कंपनी माल परत मागवते, तोही बॅच नंबर सांगून. यादीतला एक अंक इकडचा तिकडे झाला, तर परत पाठवायचा माल कपाटातच राहतो. म्हणून कापण्याइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष कापण्याच्या आधी आणि नंतर द्यावे लागते.

एक उदाहरण

समजा, एका उत्पादकाचा बॅच नंबर आठ अंकी आहे. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे आणि शेवटचे चार अनुक्रमाचे. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, काहींच्या नंबरात अक्षरेही असतात. आपण समजण्यासाठी ही एक घेऊ. हातात आलेली रांग अशी आहे:

```
2405031724050318240600022411004525010009
```

लांबी ठाऊक नसती तरी ती शोधता येते. चाळीस अंक म्हणजे आठाचे पाच नंबर असतील, दहाचे चार किंवा पाचाचे आठ. प्रत्येक लांबीने रांग कापून तुकडे एकाखाली एक लिहायचे आणि उभे वाचायचे. दहावर कापले तर असे दिसते:

```
2405031724
0503182406
0002241100
4525010009
```

पहिल्या दोन घरांत 24, 05, 00, 45. कशाचा कशाला मेळ नाही. आठावर कापले की चित्र बदलते:

```
24050317
24050318
24060002
24110045
25010009
```

आता पहिल्या दोन घरांत सगळीकडे 24 किंवा 25 आहे, पुढच्या दोन घरांत 05, 06, 11, 01. वर्ष आणि महिना डोळ्यांना दिसू लागतो. खरी लांबी सापडली की उभे रकाने बोलू लागतात, आणि चुकीच्या लांबीवर ते विस्कटलेलेच राहतात. रांगेत चार-पाचच नंबर असतील तर योगायोगाने फसगत होऊ शकते, वीस-पंचवीस असतील तर सहसा होत नाही.

कापण्याआधीचा घात

ही रांग कोणी ईमेलमधून उचलून एक्सेलच्या साध्या चौकटीत चिकटवली, तर कापण्याआधीच नुकसान झालेले असते. चौकटीत `2.41E+39` असे काहीतरी विचित्र दिसते. बरेच जण हा केवळ दिसण्याचा प्रश्न समजतात, चौकटीचे स्वरूप बदलून ‘नंबर’ करतात आणि पूर्ण चाळीस अंक दिसले की निश्चिंत होतात. ते अंक जरा नीट वाचले तर असे असतात:

```
2405031724050310000000000000000000000000
```

पंधरा अंकांपर्यंत सगळे बरोबर, पुढे नुसती शून्ये. एक्सेल कोणतीही संख्या चौसष्ट बिटांच्या ठरावीक जागेत साठवते आणि तेवढ्या जागेत पंधरा अंकांचीच अचूकता ते राखते. हिशेबाच्या रकमांना ती पुरून उरते, पण रांगेला पुरत नाही, कारण आपली रांग मुळात संख्याच नाही. ती पाच नावांची माळ आहे, फक्त ती नावे अंकांनी लिहिलेली आहेत. एक्सेलला ते कळत नाही. सगळे अंकच दिसले की ते त्याला संख्या मानते.

यातला खरा धोका दुसऱ्या तुकड्यात आहे. ही बिघडलेली रांग आठावर कापली तर पहिला नंबर 24050317 बरोबर येतो आणि दुसरा येतो 24050310. वर्ष बरोबर, महिना बरोबर, अनुक्रमही शक्य वाटणारा. खरा नंबर मात्र 24050318 होता. सोळाव्या अंकापासून शून्ये सुरू झाली म्हणून शेवटच्या 8 चे 0 झाले. पुढचे तीन तुकडे 00000000 असल्याने ते कोणाच्याही नजरेत येतात, पण हा दुसरा अगदी सभ्य चेहऱ्याने यादीत बसतो. म्हणून असा प्रकार दिसला की ‘शून्यांचे तुकडे काढून टाकू, बाकीचे घेऊ’ असे करू नये. संपूर्ण रांग टाकून मूळ ईमेलकडे किंवा मूळ फाइलकडे जावे. गेलेले अंक चौकटीचे स्वरूप बदलून परत येत नाहीत.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. चौकट निवडून तिचे स्वरूप `Text` करावे आणि मगच रांग चिकटवावी. टाइप करायची असेल तर सुरुवातीला एक एकेरी अवतरणचिन्ह द्यावे, ते चौकटीत दिसत नाही पण पुढचे सगळे मजकूर म्हणून राहते. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये, कारण तेव्हा एक्सेल विचारत नाही. `Data` मधून ती आयात करून त्या रकान्याला `Text` म्हणावे. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होणारे रूपांतर पर्यायांमध्ये जाऊन बंदही करता येते.

याच घाताचे दुसरे रूप म्हणजे सुरुवातीचे शून्य. एखाद्या उत्पादकाचा नंबर महिन्याने सुरू होत असेल, म्हणजे 05240317 असा, तर एक्सेल संख्या म्हणून वाचताना पहिले शून्य टाकून देते. एकट्या नंबरात ही चूक लगेच दिसते, तो सात अंकी होतो. रांगेत मात्र पहिला अंक गेला की त्यामागचे सगळे नंबर एक घर डावीकडे सरकतात आणि एकही तुकडा बरोबर येत नाही.

कापणी

रांग मजकूर म्हणून सुखरूप उतरली असेल तर कापायला एक सूत्र पुरते. रांग A2 मध्ये आहे असे धरून B2 मध्ये हे लिहावे:

```
=MID(A2,SEQUENCE(LEN(A2)/8,1,1,8),8)
```

`LEN` रांगेची लांबी मोजते, चाळीस. तिला आठाने भागले की पाच. `SEQUENCE` त्या पाच ओळींसाठी 1, 9, 17, 25, 33 हे आरंभाचे आकडे तयार करते आणि `MID` त्या प्रत्येक जागेपासून आठ अंक उचलते. पाच नंबर एकाखाली एक उतरतात. हे सूत्र एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये चालते. गूगल शीट्समध्ये त्याभोवती `ARRAYFORMULA` घालावे लागते. जुन्या एक्सेलमध्ये B2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते उजवीकडे ओढत न्यावे:

```
=MID($A2,(COLUMNS($B2:B2)-1)*8+1,8)
```

सूत्रे नकोशी वाटत असतील तर `Text to Columns` मध्ये `Fixed width` निवडून हव्या तिथे रेघा मारता येतात. तिथे शेवटच्या पायरीवर प्रत्येक रकान्याला `Text` सांगायला विसरू नये, नाहीतर सुरुवातीची शून्ये तिथे गळतात.

जुळवून बघणे

तुकडे हातात आले की ते पुन्हा जोडून मूळ रांगेशी ताडून बघावेत:

```
=CONCAT(B2#)=A2
```

उत्तर TRUE आले म्हणजे कापताना काही सांडले नाही. ही तपासणी फुकाची वाटते, पण वरच्या सूत्रात एक खोच आहे. रांग एकोणचाळीस अंकी निघाली तर भागाकार ४.८७५ येतो, `SEQUENCE` त्याचा पूर्णांक चार धरते आणि शेवटचे सात अंक गुपचूप गाळते. चूक झाल्याचा कोणताही इशारा मिळत नाही. चार देखणे नंबर दिसतात आणि पाचवे खोके यादीतून नाहीसे होते. जोडून बघितले तर FALSE येते आणि ते उघड होते.

लांबी एकाने वाढलेलीही सापडते. एकेचाळीस आली तर आधी अदृश्य चिन्हाचा संशय घ्यावा. ईमेल किंवा वेबपानावरून उचललेल्या मजकुराच्या शेवटी जागा, नवी ओळ किंवा न तुटणारी जागा चिकटून येते. साधी जागा `TRIM` ने आणि नवी ओळ `CLEAN` ने जाते. न तुटणारी जागा या दोघांनाही दाद देत नाही, ती `SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")` ने काढावी लागते.

एक अंक हरवला तर

आता सगळ्यात अवघड प्रसंग. रांग हाताने टाइप झालेली आहे आणि तिच्यातला एक अंक गळला आहे. एकोणचाळीस अंक उरलेत:

```
240503172405031824060022411004525010009
```

लांबी आठाने भागली जात नाही, एवढ्यावरून चूक आहे हे कळते, कुठे आहे ते कळत नाही. डावीकडून कापत गेलो तर असे तुकडे पडतात:

```
24050317 | 24050318 | 24060022 | 41100452 | 5010009
```

पहिले तीन नंबर ठीक दिसतात. चौथ्यात महिन्याच्या घरात 10 आहे, तो चालण्यासारखा, पण वर्षाच्या घरात 41 आहे. म्हणजे गडबड चौथ्याच्या सुरुवातीच्या आधी कुठेतरी आहे. आता तीच रांग उजवीकडून, शेवटापासून मागे, कापू:

```
2405031 | 72405031 | 82406002 | 24110045 | 25010009
```

शेवटचे दोन चांगले निघाले, तिसऱ्यात वर्ष 82 आले. जमिनीची हद्द दोन्ही बाजूंच्या खुणांवरून मोजत यावी तसे आपण दोन्ही टोकांकडून आत आलो आणि बिघाड मधल्या पट्ट्यात कोंडला. पहिले दोन आणि शेवटचा, या तीन नंबरांबद्दल आता फारशी शंका उरत नाही.

मधल्या दोन नंबरांचा निकाल मात्र लागत नाही. डावीकडून तिसरा नंबर 24060022 असा चांगला दिसतो, उजवीकडून चौथा 24110045 असा चांगला दिसतो, आणि दोघेही मधल्या एकाच 2 वर हक्क सांगतात. दोघे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. तो 2 तिसऱ्याचा असेल तर चौथ्याचा पहिला अंक गळला आहे. तो चौथ्याचा असेल तर तिसरा 2406002 असा सात अंकीच उरतो, आणि त्यातला कोणता अंक गेला हेही सांगता येत नाही. तो मुळात 24060002 असू शकतो, 24060012 असू शकतो, 24060024 सुद्धा असू शकतो. आपल्या मूळ उदाहरणात तो 24060002 होता, पण हे आपल्याला ठाऊक आहे ते आपणच रांग लिहिली म्हणून. समोर फक्त एकोणचाळीस अंक असलेल्या माणसाला कोणतेही सूत्र हे सांगू शकणार नाही. ती माहिती रांगेत राहिलेलीच नाही.

तेव्हा खरेदीची नोंदवही, चलन किंवा खुद्द खोके हाच आधार. तिथेही एक नेहमीचा अडथळा येतो. कापून आलेले तुकडे मजकूर असतात आणि नोंदवहीच्या फाइलमधले नंबर पुष्कळदा संख्या म्हणून साठवलेले असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण `XLOOKUP` किंवा `MATCH` ला ते वेगळे वाटतात आणि एकही नंबर सापडत नाही. अशा वेळी तुकड्यांची संख्या करू नये, नोंदवहीतल्या नंबरांचा `TEXT(C2,"00000000")` ने आठ अंकी मजकूर करावा. म्हणजे गळलेली शून्येही भरून निघतात.

लांबी बरोबर असूनही रांग चुकीची असू शकते, हेही ध्यानात ठेवायला हवे. एका ठिकाणी अंक गळला आणि दुसरीकडे एक जास्तीचा पडला तर बेरीज चाळीसच राहते. तेव्हा त्या दोन जागांच्या मधले नंबर तेवढे सरकतात, टोकाचे जागेवर असतात. म्हणून कापल्यावर प्रत्येक तुकड्याच्या वर्षाचा आणि महिन्याचा रकाना उभा वाचायचा. महिना 01 ते 12 च्या बाहेर गेला किंवा वर्ष अशक्य आले की तिथे थांबायचे. दोन शेजारी अंकांची अदलाबदल अनुक्रमाच्या चार घरांत झाली असेल तर मात्र हा उपायही हात टेकतो. आपल्या आठ अंकी नंबरात तपासणी अंकाची सोय नाही. दुकानातल्या वस्तूंच्या तेरा अंकी बारकोडमध्ये ती असते, त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो, म्हणून एखादा अंक चुकला की ते स्कॅनरच्या लक्षात येते.

चिकटवायचेच असेल तर

निरनिराळे कोड एका रांगेत सलग लिहिणे ही वाईट सवय आहे असे नाही. औषधांच्या खोक्यांवर जगभर वापरला जाणारा जीएस१ पद्धतीचा बारकोड तेच करतो, पण नियम पाळून. प्रत्येक माहितीच्या आधी तो एक ओळखअंक लावतो. 01 आला की पुढचे चौदा अंक वस्तूचे, 17 आला की पुढचे सहा अंक मुदत संपण्याच्या तारखेचे, 10 आला की पुढे बॅच नंबर. नमुन्यादाखल ही रांग बघा:

```
0108901234567890172605311024050317
```

डावीकडून चालत गेले की ती सहज सुटते. 01, मग चौदा अंक 08901234567890. मग 17 आणि 260531, म्हणजे ३१ मे २०२६. मग 10 आणि बॅच 24050317. खोक्यावर हेच ओळखअंक कंसात छापलेले दिसतात, पण ते कंस माणसांसाठी असतात, बारकोडच्या आत ते नसतात. म्हणून रांगेत ‘10’ शोधून बॅच काढायला जाऊ नये. वरच्या रांगेत पहिला ‘10’ दुसऱ्या-तिसऱ्या जागीच आहे आणि त्याचा बॅचशी काही संबंध नाही. अशी रांग सुरुवातीपासून क्रमानेच वाचावी लागते.

बॅच नंबरची लांबी या पद्धतीत ठरलेली नाही, तो वीस चिन्हांपर्यंत कितीही असू शकतो. म्हणूनच तो बहुधा शेवटी ठेवतात. त्यानंतर आणखी माहिती द्यायची असेल तर मध्ये डोळ्यांना न दिसणारे एक विभाजक चिन्ह घालावे लागते. काही स्कॅनर ते चिन्ह गाळून टाकतात आणि मग बॅच नंबर पुढच्या मजकुरात मिसळून जातो. दोष बारकोडचा नसतो, स्कॅनरच्या सेटिंगचा असतो.

भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या तीनशे औषध ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे आणि त्यात बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असावी लागते. त्यामुळे अंकांच्या अशा रांगा छोट्या दुकानांच्या संगणकांतही उतरू लागल्या आहेत.

ज्यांच्या हातात ही कामे आहेत त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. स्कॅनरची ‘एंटर’ची सेटिंग आजच तपासून घ्यावी, म्हणजे बहुतेक रांगा तयारच होणार नाहीत. आलेली मूळ फाइल, ती कितीही ओबडधोबड असली तरी, हात न लावता वेगळी जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. आणि एखादा अंक हरवलेला सापडला, तर तो अंदाजाने भरू नये. पुरवठादाराला फोन करून खोक्यावरचा नंबर वाचून घ्यावा.